जाहिरातीत ‘बी.एस्सी. (गणित)’, बायोडेटात ‘बी.एस्सी. (पीसीएम)’ : हे जुळतं का?

माळरान

मंडळी, मी शिक्षक नाही, दुकानदार माणूस. आमच्या तालुक्याच्या गावी संस्थेची सीबीएसई शाळा आहे, विनाअनुदानित. शाळा समितीवर मी तीन वर्षांपासून आहे. मुख्याध्यापिका बाई बाळंतपणाच्या रजेवर, क्लार्क नवा, त्यामुळे आलेले अर्ज चाळायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

जाहिरात आम्ही अशी दिली होती :

“गणित शिक्षक, १ पद, इयत्ता ६ ते १०. अर्हता : बी.एस्सी. (गणित), बी.एड., टीईटी/सीटीईटी उत्तीर्ण. शाळेतील किमान ३ वर्षांचा अनुभव.”

नऊ अर्ज आले. त्यातले सहा सरळ बाजूला पडले (कुणी बी.ए., कुणाचं बी.एड. अजून चालू). उरले तीन. त्यातला जो सगळ्यांना आवडलाय त्या बाईंचा बायोडेटा नाव-गाव काढून देतो :

“बी.एस्सी. (पीसीएम), २०१४, ५६ टक्के. बी.एड. २०१७, प्रथम श्रेणी. सीटीईटी उत्तीर्ण, डिसेंबर २०१८. अनुभव : २०१४ पासून आजतागायत, गणित व विज्ञान अध्यापन, एकूण ११ वर्षे.”

मला वाचून सगळं बसतंय असं वाटलं. पण समितीतले एक जण म्हणाले, पीसीएम म्हणजे गणित नव्हे. खरं काय?

---

खडूफळा

पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स, म्हणजे गणित आलंच की. अकरा वर्षं शिकवतायत त्या. काय शोधताय अजून? घ्या बाईंना, पोरं वाट बघतायत.

---

जावक_क्रमांक

माळरानदादा, २८ वर्षं माध्यमिक शाळेच्या ऑफिसात काढली, त्यातली निम्मी अशाच फायली लावण्यात. बायोडेटा वाचून निर्णय घेऊ नका. बायोडेटा उमेदवार लिहितो, गुणपत्रक विद्यापीठ लिहितं.

‘बी.एस्सी. (पीसीएम)’ अशी पदवी आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांच्या प्रमाणपत्रावर छापलेली नसते. आपल्याकडे जुन्या पॅटर्नला एफवायला चार विषय, पुढच्या वर्षी त्यातले काही गळायचे आणि टीवायला एकच मुख्य विषय उरायचा. पदवी त्या शेवटच्या विषयाची. म्हणजे एखाद्याने एफवायला गणित घेतलं, एसवायला घेतलं आणि टीवाय फिजिक्समध्ये केलं, तर तो बायोडेटात पीसीएम लिहितो. खोटं लिहीत नाही तो. पण त्याची पदवी फिजिक्सची.

तुम्ही तीनही वर्षांची गुणपत्रकं मागवा. फक्त शेवटच्या वर्षाचं नको, तीनही. त्यात कुठल्या वर्षी गणिताचे किती पेपर आहेत ते बघा. बाकी सगळी चर्चा त्यानंतर.

---

सिंधुदुर्गकर

काकांशी सहमत, पण मुद्दा वेगळा आहे. नियमच असा आहे की फिजिक्स किंवा केमिस्ट्री ऑनर्सवाल्याला गणिताचा टीजीटी होता येत नाही. मी केंद्रीय विद्यालयासाठी फॉर्म भरला होता तेव्हा स्पष्ट लिहिलेलं होतं. सीबीएसई शाळा म्हणजे तोच नियम. त्यामुळे गुणपत्रक मागवायचीही गरज नाही, बाई बाद.

---

अबोली_नाशिक

सिंधुदुर्गकर, तुम्ही वाचलं ते बरोबर, लावलं मात्र चुकीच्या ठिकाणी. ती केंद्रीय विद्यालय संघटनेची स्वतःची भरतीची अट आहे. केंद्रीय विद्यालयं सीबीएसईला जोडलेली आहेत, पण सीबीएसईला जोडलेली प्रत्येक शाळा केंद्रीय विद्यालय नाही. त्यांच्या अटी माळरान यांच्या संस्थेला आपोआप लागू होत नाहीत.

मी बी.एड. कॉलेजात शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. किमान अर्हता ठरवते एनसीटीई. नववी-दहावीसाठी त्यांचं म्हणणं साधारण असं : पदवी किंवा पदव्युत्तरला ५० टक्के, आणि बी.एड. पदवी कुठल्या विषयाची, हे तिथे सांगितलेलंच नाही. ‘संबंधित विषयात’ हे शब्द येतात ते अकरावी-बारावीच्या शिक्षकासाठी, पदव्युत्तर पदवीच्या बाबतीत. सहावी ते आठवीला पदवी, बी.एड. आणि वर टीईटी.

थोडक्यात, कायद्याच्या तळमजल्यावर या बाई उभ्या राहू शकतात. गणिताची अट घातलीय ती तुमच्या जाहिरातीने. म्हणून प्रश्न ‘नियमात बसतं का’ एवढाच नाही. ‘आपण कंसात गणित लिहिलं तेव्हा आपल्याला काय म्हणायचं होतं’ हाही आहे. टीवायला गणित? तीनही वर्षं गणित? की कधीतरी गणित? तुमच्या समितीने हे ठरवलेलंच नसणार, म्हणून वाद होतोय.

---

माळरान

ठरवलं नव्हतं. मागच्या वर्षीची जाहिरात होती, तीच पद बदलून छापली.

---

जावक_क्रमांक

सगळीकडे तसंच करतात.

---

रानवारा७

माफ करा पण ही भरती पवित्र पोर्टलवर का नाही? टेट देऊन आम्ही दोन-दोन वर्षं थांबायचं आणि संस्थावाल्यांनी परस्पर जाहिराती काढायच्या. शिक्षणसेवक म्हणून घेणार का? मानधन किती? रोस्टर तपासलं का?

---

माळरान

रानवारा, आमची शाळा विनाअनुदानित आहे, सरकारी पगार नाही. शिक्षणसेवक वगैरे आम्हाला नाही. तुमचा राग समजतो, पण इथे विषय वेगळा आहे.

---

सई_पिंपरी

थोडं विषयांतर, पण माझंच प्रकरण आहे म्हणून विचारते. मी बी.ई. मेकॅनिकल, नंतर बी.एड. केलं, मेथड गणित आणि विज्ञान. इंजिनिअरिंगला चार सेमिस्टर गणित झालंय, बी.एस्सी.वाल्यांपेक्षा कमी नाही. तरी दोन शाळांनी ‘बी.एस्सी. हवं’ म्हणून परत पाठवलं. बी.एड.ला प्रवेश देताना बी.ई. चालतं आणि नोकरी देताना चालत नाही, हे कसं?

---

अबोली_नाशिक

सई, बी.एड.ला बी.ई.वाल्यांना ५५ टक्क्यांची अट घालून घेतात, हे बरोबर. पण प्रवेशाची पात्रता आणि पदाची अर्हता या दोन वेगळ्या गोष्टी. ज्या जाहिरातीत नुसतं ‘पदवीधर, बी.एड.’ आहे तिथे तू बसतेस. ‘बी.एस्सी. (गणित)’ लिहिलंय तिथे शाळेने नाही म्हटलं तर तिला चूक ठरवता येणार नाही. हे न्याय्य आहे का म्हणशील, तर मलाही ते पटत नाही. चार सेमिस्टर गणित केलेली मुलगी आठवीचं बीजगणित शिकवू शकत नाही, असं कोण म्हणेल?

---

सिंधुदुर्गकर

बरं, केंद्रीय विद्यालयाचं मागे घेतो. पण दुसरी गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. सीटीईटी डिसेंबर २०१८ ची आहे. प्रमाणपत्र सात वर्षं चालतं. मुदत संपलीच की! आता तरी बाद ना?

---

जावक_क्रमांक

सात वर्षं हा जुना नियम. २०२१ मध्ये टीईटी प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य केलं, तेही मागे २०११ पासून. त्यामुळे तारखेवरून कुणाला काढू नका.

पण टीईटीच्या कागदावर दुसऱ्या तीन गोष्टी बघा. पेपर १ की पेपर २. पेपर १ पहिली ते पाचवीचा, तुम्हाला हवा पेपर २. मग पेपर २ मधला गट : गणित-विज्ञान की सामाजिक शास्त्रे. आणि तिसरं म्हणजे ते प्रमाणपत्र आहे की नुसतं गुणपत्रक. सीटीईटीला परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला गुणपत्रक मिळतं, प्रमाणपत्र फक्त उत्तीर्ण झालेल्याला. १५० पैकी ९० लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. मी ७८ मार्कांचं गुणपत्रक जोडून ‘सीटीईटी’ लिहिलेला अर्ज पाहिलाय. पुढे ‘उत्तीर्ण’ हा शब्द नव्हता, आमच्या मुख्याध्यापकांनी तो मनातल्या मनात वाचला.

उमेदवार राज्याच्या टीईटी २०१९ चा असेल (ती परीक्षा जानेवारी २०२० मध्ये झाली होती), तर आणखी एक काम. त्या परीक्षेतल्या गैरव्यवहारानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये परीक्षा परिषदेने साडेसात हजारांवर उमेदवारांची संपादणूक रद्द केली आणि याद्या जाहीर केल्या. बैठक क्रमांक त्या यादीत आहे का बघायला पाच मिनिटं लागतात.

---

माळरान

कागद मागवले, आले. तुम्ही सगळे बसा आता.

पहिल्या बाई : एफवायला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, इलेक्ट्रॉनिक्स. एसवायला फिजिक्स, मॅथ्स, इलेक्ट्रॉनिक्स. टीवायला फक्त फिजिक्स. काका म्हणाले तसंच निघालं. बी.एड.च्या गुणपत्रकावर मेथड विज्ञान आणि गणित. सीटीईटी पेपर २, गणित-विज्ञान, ९४ मार्क, प्रमाणपत्र आहे.

दुसरे सर : बी.एस्सी. गणित, टीवायचे सगळे पेपर गणिताचे, ६१ टक्के. बी.एड. २०१९, मेथड गणित. शाळेतला अनुभव ४ वर्षं. बायोडेटात ‘महाटीईटी उत्तीर्ण’. प्रमाणपत्र बघितलं तर पेपर १! रद्द झालेल्यांच्या यादीत त्यांचा नंबर नाही, तेही बघितलं.

तिसऱ्या एम.एस्सी. मॅथ्स, पण शाळेत शिकवल्याचा अनुभव शून्य. म्हणून आत्ता पहिल्या दोघांवरच आलोय.

---

खडूफळा

बघा, म्हणजे पहिल्या बाईच. बी.एड.ची मेथड गणित आहे, तेवढं पुरतं. शाळेत मेथडच बघतात, पदवी कोण बघतो? मीही बी.एस्सी. केमिस्ट्री आणि वीस वर्षं दहावीला भूमिती शिकवतोय. राज्य बोर्डाच्या शाळेत गणित-विज्ञान एकाच माणसाकडे असतं, सगळ्यांना माहीत आहे.

---

अबोली_नाशिक

सर, तुमच्या शाळेत ते चालतं, कारण पदच गणित-विज्ञानाचं असतं. इथे जाहिरात एकट्या गणिताची आहे. आणि मेथड पदवीची जागा घेत नाही. बी.एड.ला मेथड देताना आम्ही विद्यार्थ्याचे पदवीचे विषय बघतो, एफवाय-एसवायला गणित असेल तरी गणिताची मेथड मिळू शकते. म्हणून मेथडवरून उलटा हिशोब करून ‘पदवी गणिताचीच असणार’ असं म्हणता येत नाही.

मी स्वतः तीन कागद शेजारी शेजारी ठेवते : पदवीच्या शेवटच्या वर्षाचं गुणपत्रक, बी.एड.चं मेथड असलेलं गुणपत्रक, टीईटीचं प्रमाणपत्र. तिन्हींवर एकच विषय वाचता आला तर प्रश्न नाही. बाईंच्या बाबतीत दोन कागद गणित म्हणतात, एक फिजिक्स. सरांच्या बाबतीत पहिले दोन गणित म्हणतात आणि तिसरा म्हणतो, पाचवीपर्यंत.

---

जावक_क्रमांक

आणि या दोन त्रुटी सारख्या नाहीत, हे लक्षात घ्या दादा.

सरांची त्रुटी कायद्यातली. सहावी ते आठवीला पेपर २ लागतोच, तुमच्या समितीने ठराव केला तरी ती अट हलत नाही. त्यांना नववी-दहावीला घेता येईल, सहावी ते आठवीला नाही. बाईंची त्रुटी तुमच्या जाहिरातीतली. ती तुम्हाला सोडवता येते, पण गुपचूप नाही. जाहिरात वाचून ‘माझं टीवाय फिजिक्स आहे, मी बसत नाही’ म्हणून ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांचं काय? अट सैल करायची तर शुद्धिपत्रक काढा, ‘पदवीला किमान दोन वर्षे गणित’ असं नीट लिहा आणि आठवडाभर पुन्हा अर्ज घ्या. बाई तेव्हाही पुढेच असतील.

आता अनुभव. बाईंनी २०१४ पासून ११ वर्षं लिहिलीत. बी.एड. २०१५ ते २०१७ नियमित केलंय ना? २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. मग त्या दोन वर्षांत पूर्णवेळ शिकवत कुठे होत्या? मुक्त विद्यापीठाचं बी.एड. असतं तर वेगळं, ते नोकरीतल्या शिक्षकांसाठीच आहे, तिथे दोन्ही एकाच वेळी चालू असणं स्वाभाविक. अनुभवाचे दाखले मागा. दाखल्यावर जावक क्रमांक, नेमणुकीची तारीख, सोडल्याची तारीख, वर्ग आणि विषय हवा. ‘मन लावून काम केले, भावी आयुष्यास शुभेच्छा’ असा दाखला काही कामाचा नाही.

---

माळरान

काका, तुम्हाला हात दाखवायला यायला पाहिजे.

दाखले आले. २०१४-१५ खाजगी क्लास. २०१५ ते १७ नियमित बी.एड., त्या काळात संध्याकाळी क्लास. २०१७ ते २०२२ एका शाळेत. २०२२ पासून परत क्लास. म्हणजे ११ पैकी शाळेतली ५. आमची अट ३ ची, त्यामुळे तिथे अडत नाही.

पण शाळेच्या दाखल्यावर लिहिलंय : “विज्ञान, इयत्ता ६ ते ८.” गणिताचं नावच नाही. मी फोन केला. बाई म्हणाल्या, नेमणूक विज्ञानाची होती म्हणून दाखल्यावर तेच आलं, पण गणिताच्या बाई गेल्यावर सहावी-सातवीचं गणित दोन वर्षं मीच घेत होते. जुन्या शाळेकडून दुरुस्त दाखला मागते म्हणाल्या. बोलणं खोटं वाटलं नाही.

---

सई_पिंपरी

असं होतं. मी पण दोन टर्म कॉम्प्युटर शिकवलंय आणि दाखल्यावर ‘गणित’ आहे. शाळा नेमणुकीच्या पत्राप्रमाणे लिहितात.

---

जावक_क्रमांक

दुरुस्त दाखला येतो का बघा, पण त्यावरच सगळं ठेवू नका. शाळा सोडलेल्या माणसाला जुनी शाळा दाखला दुरुस्त करून देते असं मी फार वेळा पाहिलेलं नाही. त्या वर्षीचं वेळापत्रक, उत्तरपत्रिका तपासल्याची नोंद, यू-डायसला त्यांची माहिती कशी भरली होती, यातलं काही मिळालं तर बघा. यू-डायसमध्ये शिक्षकाचा नेमणुकीचा विषय भरावा लागतो, गणित कुठल्या पातळीपर्यंत शिकलाय हेही. उद्या तुम्हालाही यांच्याबद्दल तेच भरायचंय. तिथे ‘पदवी’ लिहाल की ‘बारावी’, याचं उत्तर आजच तयार ठेवा.

---

सिंधुदुर्गकर

एसवायपर्यंत गणित म्हणजे ‘पदवी’च लिहायचं ना?

---

अबोली_नाशिक

मी ‘पदवी’ लिहीन. काका बहुतेक लिहिणार नाहीत.

---

जावक_क्रमांक

नाही लिहिणार. टीवायला पेपर नसेल तर माझ्या हाताने ‘पदवी’ लिहिलं जाणार नाही. पण ताईंचंही चूक म्हणत नाही, माझ्याच ऑफिसात यावर दोन मतं होती.

---

खडूफळा

एवढं कागदांवर चाललंय, बाईंना फळ्यासमोर उभं करून एक डेमो तास घ्या की. आठवीला अपूर्णांकाचा भागाकार विचारा, उलटं करून गुणायचं का ते पोरांना पटवता आलं तर घ्या. माझी परीक्षा अशीच घेतली होती.

---

माळरान

डेमो दोघांचाही घेतला कालच. खडूफळा सर, तुमचाच प्रश्न विचारला. सरांनी नियम सांगितला आणि तीन गणितं सोडवून दाखवली. बाईंनी अर्ध्या भाकरीत पाव भाकऱ्या किती बसतात इथून सुरू केलं, पोरं हसली आणि दोन बोटं वर केली.

समितीत रात्री साडेदहापर्यंत बसलो. दोन गोष्टी ठरल्या. एक, शुद्धिपत्रक काढायचं : “पदवीस किमान दोन वर्षे गणित विषय, बी.एड. मेथड गणित, टीईटी/सीटीईटी पेपर २ गणित-विज्ञान गट.” अर्ज आणखी आठ दिवस घ्यायचे. दोन, सरांना कळवायचं की पेपर २ नसल्याने सहावी ते आठवी देता येणार नाही. त्यांना नववी-दहावीचे तास आणि वरच्या वर्गांचं जादा मार्गदर्शन असं काही जमतं का यावर एकमत झालं नाही. अध्यक्ष म्हणतात एका पदाचे दोन तुकडे करायचे तर पगार कुठून आणायचा.

बाईंच्या दुरुस्त दाखल्याचा अजून पत्ता नाही.

---

रानवारा७

शुद्धिपत्रक कुठे लावणार? माझा मित्र एम.एस्सी. मॅथ्स आहे, पेपर २ आहे, शाळेतला अनुभव अडीच वर्षं. भरू दे का फॉर्म?

---

माळरान

शाळेच्या फलकावर आणि जिथे पहिली जाहिरात दिली त्याच पेपरात. अनुभवाची अट ३ वर्षं तशीच आहे हो. अडीच म्हणजे नेमके किती महिने आणि दाखल्यावर विषय काय लिहिलाय, ते आधी त्यांना बघायला सांगा.